ऑफिसातल्या क्वीअर मित्रासाठी खरोखर काय करायचं: मेडिक्लेमपासून डब्याच्या टेबलापर्यंत

जून आला की पुण्यात बऱ्याच ऑफिसांत इंद्रधनुष्य लागतं, लोगो रंगीत होतो, कोणीतरी कप केक वाटतं, आणि "आमचा तुम्हाला सपोर्ट आहे" असा मेल येतो. हे सगळं चांगलंच आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच ऑफिसात माझ्या मित्राचा जोडीदार आजारी पडला तर त्याला मेडिक्लेम नव्हता, आणि ते कोणाला सांगायची सोयही नव्हती, कारण सांगायचं म्हणजे आधी स्वतःबद्दल सांगायचं.

मी खराडीतल्या एका कंपनीत काम करते, लग्न झालेली आहे, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव पॉलिसीत जॉइनिंगच्या दिवशीच पडलं, कोणी एक प्रश्न विचारला नाही. मित्रासाठी तीच गोष्ट करून घ्यायला बरीच पायपीट झाली. आता ती वाट माहीत झालीय म्हणून लिहितेय, म्हणजे तुम्हाला सुरुवातीपासून चाचपडायला नको. हे मुख्यतः तुमच्यासारख्या लोकांसाठी आहे ज्यांना मदत करायची इच्छा आहे पण "नक्की काय करू" हे कळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कंपनीकडे काहीही मागायचं झालं तर ते तुमच्या नावाने मागा, मित्राच्या नावाने नाही. तुम्ही मागितलं तर फार तर एचआर म्हणेल "ह्यांना काय पडलंय". त्याने मागितलं तर त्याचं आयुष्य उघड होतं. त्याने स्वतःहून "मीच मागतो" म्हटलं तर प्रश्नच नाही, मग तुम्ही मागे उभे राहा.

1. आधी कायदा कुठे आहे ते दोन मिनिटांत समजून घ्या

6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने कलम 377 मधला संमतीने ठेवलेल्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढला. म्हणजे गुन्हा नाही, एवढं झालं. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. ह्या दोन तारखांच्या मधे तुमचा मित्र आणि त्याचा जोडीदार अडकलेत. एकत्र राहतात, घर चालवतात, पण जिथे जिथे फॉर्मवर 'पती/पत्नी' असा रकाना येतो तिथे त्यांच्याकडे भरायला काही नाही.

ह्यात एक बरी गोष्ट अशी की कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम हा कंपनी आणि इन्शुरन्स कंपनी ह्यांच्यातला करार असतो. फॅमिली म्हणजे कोण हे त्या करारात लिहिलेलं असतं, आणि ते बदलायला लग्नाच्या कायद्याची वाट बघावी लागत नाही. टाटा स्टीलने 2019 मध्येच क्वीअर कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना कंपनीचे फायदे द्यायला सुरुवात केली. "भारतात असं होत नाही हो" असं कोणी म्हटलं तर हे एक उदाहरण खिशात ठेवा.

2. गुपित कुठपर्यंत आहे ते विचारून घ्या

कोणी तुम्हाला विश्वासाने सांगितलं की पहिली प्रतिक्रिया काय द्यायची ह्याबद्दल लोक फार विचार करतात. त्यापेक्षा थोड्या वेळाने, निवांतपणे, हे विचारा: ऑफिसात अजून कोणाला माहितीय? घरी माहितीय का, आईला माहितीय आणि बाबांना नाही असं काही आहे का? तुझ्या घरून मला फोन आला आणि तू कुठेयस विचारलं तर मी काय सांगू?

हा तिसरा प्रश्न मुद्दाम विचारा. माझ्या मित्राच्या घरी तो एका रूममेटसोबत राहतो एवढंच माहिती होतं. त्याची आई माझ्या नवऱ्याला ओळखते, पुण्यात आल्या की कोथरूडला भाजी घेताना भेटतात, आणि "काय रे, ह्याच्या रूममेटचं लग्न ठरलं का" असं सहज विचारतात. अशा वेळी काय बोलायचं हे आधी ठरलेलं नसेल तर तोंडातून काहीही निघू शकतं. त्याने सांगितलं होतं, "विचारलं तर म्हण, मला माहीत नाही, त्यालाच विचारा." एवढं एक वाक्य, पण ते त्याने ठरवलेलं होतं.

लक्षात ठेवा, हे लिहून ठेवायचं नाही, फोनमध्ये पण नाही. आणि दर काही महिन्यांनी परत विचारायचं, कारण चित्र बदलतं, बहिणीला सांगितलेलं असतं, नवा मॅनेजर आलेला असतो.

इथे लोक कुठे घसरतात तर नाव न घेता किस्सा सांगण्यात. "माझ्या टीममध्ये एक जण आहे, नाव नाही सांगत, पण त्याचं किती चांगलं चाललंय..." पुणं ह्या बाबतीत फार लहान आहे. सदाशिव पेठेतल्या एका मावशीला कंपनी, मुलाचं गाव आणि तो तबला वाजवतो एवढं कळलं की तिसऱ्या फोनला घरी पोचतं. कौतुकाचा किस्सा पण सांगू नका. फोटो टाकताना दोघांना एकत्र टॅग करू नका, व्हॉट्सॲप स्टेटसला पण विचारून. प्राइडला सोबत गेलात, संभाजी उद्यानापाशी जमून जंगली महाराज रोडवरून चाललात, खूप छान, पण त्या दिवशीचे फोटो टाकायच्या आधी मागे कोण कोण आलंय ते बघा. तिथे आलेला प्रत्येक जण ऑफिसात सांगून आलेला नसतो.

3. डब्याच्या टेबलावर

आमच्या ऑफिसात एक वाजता डबे उघडले की विषय ठरलेले असतात, कोणाचं स्थळ बघणं चालू आहे, कोणाचा फ्लॅट, आणि मग कोणीतरी एखाद्याची चालण्याची नक्कल करतं आणि एखादी शिवी येते, 'बायल्या' म्हणा, 'छक्का' म्हणा, आणि सगळे हसतात.

इथे काय करायचं ते नीट सांगते, कारण चांगल्या मनाची माणसं नेमकी इथे गडबड करतात. बोलायचं लगेच, छोटं, आणि बोलणाऱ्याकडे बघून. "ही शिवी नको यार, जेवताना तरी" किंवा "हे नाही आवडलं मला". बस. आणि मित्राकडे अजिबात बघायचं नाही. शिवी आल्यावर तुम्ही अर्धा सेकंद त्याच्याकडे बघितलं तर टेबलावरचे बाकी लोक पण बघतात, आणि जे त्याने वर्षभर सांभाळलं ते तुमच्या नजरेने सांगून टाकलं. नंतर बाहेर चहाला गेल्यावर "मी बोलले बघ तुझ्यासाठी" असंही नको, त्याने ऐकलेलं असतं.

भाषण द्यायचं नाही. मोठं भाषण दिलं की लोक विचारतात "तुझं कोण आहे असं?" आणि मग परत शोध सुरू होतो. कोणी विचारलंच तर "कोण असायला हवं का? मला ऐकायला आवडत नाही" हे उत्तर पुरतं.

स्थळांचं प्रकरण वेगळं आहे. ऑफिसातल्या एखाद्या काकू प्रेमाने बायोडेटा मागतात, "अरे माझ्या नणंदेची मुलगी आहे, कॉग्निझंटला, बघ ना." तुम्ही मित्राच्या वतीने "त्याची गर्लफ्रेंड आहे" वगैरे काही ठोकून देऊ नका, ते खोटं पुढे त्यालाच निभवावं लागतं, नाव विचारतात, फोटो मागतात. त्यापेक्षा "काकू, ऑफिसात नको हो त्याला छळू, तुमच्या मुलाच्या ॲडमिशनचं काय झालं?" असं वळवा. काकूंना मुलाचा विषय दिला की अर्धा तास जातो, त्यांनाही बरं वाटतं.

मित्र किंवा मैत्रीण ट्रान्स असेल तर मराठीत प्रत्येक वाक्यात प्रश्न उभा राहतो, 'आलास' की 'आलीस'. तो सरळ विचारा, आणि त्यासोबत हेही विचारा की कोणासमोर काय म्हणू. घरच्यांसमोर जुनं नाव आणि आपल्यात नवं, असं बऱ्याच जणांचं असतं. चुकलात तर शब्द बदलून वाक्य पुढे न्यायचं, पाच मिनिटं माफी मागत बसलं की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

4. मेडिक्लेम: पूर्ण केस

आता मुख्य काम. हे आमच्याकडे कसं झालं ते क्रमाने सांगते.

*काय हातात लागेल:* कंपनीच्या ग्रुप पॉलिसीचं बेनिफिट्सचं हँडबुक (इंट्रानेटवर असतं, नसेल तर एचआरकडे मागा, हा तुमचा हक्कच आहे, पॉलिसीत तुम्ही पण आहात), पॉलिसीची रिन्यूअलची तारीख, पॉलिसी आणून देणारा ब्रोकर आणि क्लेम बघणारी मधली कंपनी म्हणजे टीपीए ह्यांची नावं, आणि तुमच्यासोबत मेलमध्ये नाव घालायला तयार असलेले दोनतीन सहकारी.

हँडबुकमध्ये 'फॅमिली डेफिनिशन' शोधा. 1+3 लिहिलं असेल तर कर्मचारी, पती/पत्नी आणि दोन मुलं. 1+5 असेल तर त्यात आईवडील किंवा सासूसासरे पण. आमचं 1+3 होतं. आपल्याला ह्यातला 'पती/पत्नी' हा शब्द 'पती/पत्नी किंवा जोडीदार' एवढा करून घ्यायचा आहे.

मग तारीख. इथे लोक उशीर करतात आणि एक वर्ष जातं. पॉलिसी वर्षाची असते, आणि मधेच माणूस घालायचा तर साधारण नवीन लग्न किंवा नवीन बाळ एवढ्यासाठीच घालता येतो. बाकी सगळं रिन्यूअलला. आमचं रिन्यूअल 1 एप्रिलला होतं. मार्चमध्ये मागून उपयोग नाही, तोपर्यंत ब्रोकरने कोटेशन आणलेली असतात आणि फायनान्सने बजेट बंद केलेलं असतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मेल गेला पाहिजे, म्हणजे साधारण तीन महिने आधी.

मेल असा होता, आम्ही इंग्रजीत पाठवला पण मजकूर हाच:

> विषय: यंदाच्या रिन्यूअलमध्ये फॅमिलीच्या व्याख्येबद्दल विनंती
>
> नमस्कार, आपल्या ग्रुप मेडिक्लेममध्ये फॅमिली म्हणजे कर्मचारी, पती किंवा पत्नी आणि दोन मुलं एवढंच धरलं जातं. यंदाच्या कोटेशनसाठी 'पती/पत्नी किंवा जोडीदार, कोणत्याही लिंगाचा' अशी व्याख्या धरून ब्रोकरकडून दर मागवावा ही विनंती. जोडीदाराची नोंद कर्मचाऱ्याच्या स्वघोषणेवर व्हावी आणि ती माहिती बेनिफिट्स बघणाऱ्या एकाच व्यक्तीकडे राहावी. ब्रोकरसोबतच्या कॉलला बसायची आमची तयारी आहे.

'कोणत्याही लिंगाचा' हे शब्द सोडू नका. काही ठिकाणी 'एलजीबीटी पार्टनर' असा वेगळा पर्याय ठेवतात, हेतू चांगला असतो, पण तो पर्याय निवडला की माणूस उघड. 'जोडीदार' सगळ्यांसाठी असला की त्यात लग्न न केलेली मुलगा-मुलगी जोडपी पण येतात, आणि ती ऑफिसात भरपूर असतात. मग यादीत 'जोडीदार' लिहिलेलं बघून कोणालाच काही कळत नाही. आमच्या मेलवर नाव घालणाऱ्यांत असं एक लिव्ह-इनमधलं जोडपं होतं, त्यांना स्वतःलाच हवं होतं.

एचआरचा पहिला प्रश्न येतो, "किती जणांना लागेल?" प्रश्न साधा वाटतो, प्रीमियमसाठीच विचारतात. पण ह्याचं उत्तर द्यायला कोणालातरी हात वर करावा लागतो. तुम्ही आकडा देऊ नका, "मला एक माहितीय" तर मुळीच नको. सांगा की ब्रोकरला अंदाजाने दर काढता येतो, नवीन लग्नं किती होतील हे तरी त्याला कुठे माहीत असतं, तरी त्याची सोय पॉलिसीत असतेच. आमच्या ब्रोकरने हे लगेच मान्य केलं, अडचण एचआरच्या मनात होती, ब्रोकरकडे नव्हती.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. इन्शुरन्स कंपनीकडून आलं की एकत्र राहत असल्याचा पत्ता, दोन वर्षांचं ॲफिडेव्हिट, असं काय काय. इथे एक प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट बघा: "लग्न झालेल्यांकडून आपण एनरोलमेंटला मॅरेज सर्टिफिकेट घेतो का?" आमच्याकडे घेत नव्हते. नाव, जन्मतारीख, झालं. मग जोडीदारालाही तेवढंच. एकत्र पत्त्याचा पुरावा मागितला तर पुण्यात बरेच जण अडकतात, कारण भाडेकरार एकाच्याच नावावर असतो किंवा दुसरा अजून आईवडिलांकडे राहतो. शेवटी एका पानाची स्वघोषणा ठरली: आम्ही दोघं सज्ञान आहोत, जोडीदार म्हणून राहतो, दोघांपैकी कोणाचं दुसऱ्याशी लग्न झालेलं नाही, वेगळे झालो तर कळवू. वर्षात एकदाच जोडीदार बदलता येईल अशी अट त्यांनी घातली, ती ठीक आहे, कोणाला त्रास नाही.

तिसरी अडचण पोर्टलची. व्याख्या बदलली, पॉलिसी आली, आणि एनरोलमेंटच्या पोर्टलवर ड्रॉपडाऊनमध्ये 'स्पाउस', 'चाइल्ड' एवढेच. व्हेंडरला बदल करायला वेळ लागतो आणि एनरोलमेंटची खिडकी काही दिवसांचीच असते. तोपर्यंत बेनिफिट्सच्या एका बाईंनी नावं मेलवर घेतली आणि स्वतः एंडॉर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत बदलाची नोंद, करून घेतली. हे आधीच विचारून ठेवा, शेवटच्या दिवशी कळलं तर गेलं वर्ष.

आणि मग गळती कुठून होते ते. ही यादी मी एचआरसोबत बसून केली होती:

- फ्लोअर कोऑर्डिनेटर "सगळ्यांनी नावं तपासा" म्हणून पूर्ण टीमची एक्सेल शीट फिरवतो, त्यात सगळ्यांच्या घरच्यांची नावं. हे बंद करायला सांगा, सगळ्यांसाठीच, कोणाच्या बायकोची जन्मतारीख पण फ्लोअरवर फिरायचं कारण नाही.
- मॅनेजरला 'एनरोलमेंट बाकी' असा रिपोर्ट जातो, त्यात नातं दिसतं का ते बघा.
- टीपीएचं कार्ड किंवा वेलकम लेटर पोस्टाने कायमच्या पत्त्यावर जातं. कायमचा पत्ता म्हणजे बहुतेकांचा आईवडिलांचा, सांगली नाहीतर लातूर, आणि पाकीट बाबा उघडतात. फक्त ई-कार्ड, पर्सनल मेलवर, हे लेखी घ्या.
- फॅमिली डेची आमंत्रणं पॉलिसीच्या यादीवरून छापतात. आमच्याकडे खरंच छापायचे.

हे सगळं झाल्यावर तुमचं काम एकच उरतं, मित्राला सांगायचं की आता सोय आहे, आणि घ्यायचं की नाही हे त्याच्यावर सोडायचं. तो म्हणू शकतो "अजून नको". त्याला घाबरायचं कारण असेल, आपल्याला ते माहीत असायला हवंच असं नाही. एवढी मेहनत घेतली म्हणून आग्रह करू नका. माझ्या मित्राने पहिल्या वर्षी नाही घेतलं, दुसऱ्या वर्षी घेतलं. कार्ड आल्यावर मात्र दोघांनी एकदा टीपीएच्या ॲपवर नाव, स्पेलिंग, नातं तपासून घ्यावं, आधारवरचं आणि कार्डवरचं नाव जुळलं नाही तर कॅशलेसच्या वेळी हॉस्पिटलच्या डेस्कवर अडतं.

मर्यादा पण सांगून ठेवा: नोकरी सुटली की हे कव्हर सुटतं. म्हणून दोघांनी स्वतःची एकेक वैयक्तिक पॉलिसी पण ठेवावी.

5. नॉमिनी: इथे घाई नको

मेडिक्लेममध्ये नाव लागलं की लोकांना वाटतं आता पीएफला पण जोडीदाराचं नाव टाकून देऊ. तिथे नियम वेगळे आहेत. पीएफच्या योजनेत सभासदाला 'फॅमिली' असेल तर नॉमिनी फॅमिलीतलाच लागतो, आणि आईवडील अवलंबून असतील तर ते फॅमिलीत धरतात. जोडीदार त्यात बसत नाही. म्हणजे गावाकडे आई त्याच्यावर अवलंबून आहे आणि त्याने जोडीदाराचं नाव टाकलं तर ते नॉमिनेशन टिकत नाही, आणि हे कळतं कधी, तो गेल्यावर. फॅमिलीच नसेल, म्हणजे लग्न नाही, मुलं नाहीत, आईवडील अवलंबून नाहीत, तर कोणालाही नॉमिनी करता येतं. ग्रॅच्युइटीचा नियम पण साधारण असाच. इथे तुम्ही सल्लागार बनू नका, त्याला वकिलाकडे घेऊन जा.

बँकेचं मात्र सोपं झालंय. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की क्वीअर व्यक्तींना एकत्र खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही बंदी नाही. शाखेतल्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. त्या स्पष्टीकरणाची प्रिंट काढून न्या, आणि मित्राला हवं असेल तर सोबत जा. काउंटरवर "रिलेशन काय?" असं मोठ्याने विचारतात तेव्हा शेजारी कोणी उभं असलं की फरक पडतो.

आणि मृत्युपत्र. नॉमिनी म्हणजे मालक नाही, बँकेतले पैसे नॉमिनीच्या हातात येतात पण वारस त्यावर दावा करू शकतात. म्हणून मृत्युपत्र लागतंच. साध्या कागदावर चालतं, स्टँप पेपर लागत नाही, रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे, पण केलेलं बरं. दोन साक्षीदार लागतात, आणि हे काम तुमचं. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून जोडीदार नाही चालत, घरच्यांना सांगता येत नाही, मग मित्रच उरतात. उद्या घरच्यांनी आव्हान दिलं तर साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागू शकतं, हे समजून मगच सही करा.

6. हॉस्पिटल

ऑफिसच्या सिस्टीममध्ये इमर्जन्सी काँटॅक्ट बहुतेक वेळा कर्मचाऱ्याला स्वतःच बदलता येतो, आणि तिथे नातेवाईकच हवा असं काही नसतं, 'मित्र' लिहिलं तरी चालतं. मित्राला आजच जोडीदाराचा नंबर पहिला आणि तुमचा दुसरा टाकायला सांगा. ह्याला कोणाची परवानगी लागत नाही.

माझ्या मित्राचं अपेंडिक्स झालं तेव्हा ॲडमिट करताना जोडीदार होता, फॉर्म त्याने भरले, डिपॉझिट त्याने भरलं. पेशंट शुद्धीत असताना संमती पेशंटचीच, त्यामुळे सहीचा प्रश्न आला नाही. प्रश्न आला सकाळी, घरचे गावाहून आले तेव्हा. काका म्हणाले, "बाळा तू रात्रभर जागलास, आता जा घरी, आम्ही आहोत." प्रेमानेच म्हणाले. आणि त्याला जावं लागलं असतं, कारण थांबायचं कारण तो सांगू शकत नव्हता. मी काका-काकूंना म्हटलं, प्रवासातून आलात, चला आधी चहा घेऊ, इथे खालीच अमृततुल्य आहे, तोपर्यंत हा बसतोय, आणि ह्याच्याकडेच सगळी बिलं आहेत, डॉक्टर राउंडला आले की ह्यालाच विचारतील. बिलांचं कारण चाललं. तीन दिवस तोच 'बिलं बघणारा मित्र' म्हणून थांबला.

म्हणजे तुम्ही काय करायचं, तर नातेवाईकांना सांभाळायचं. त्यांना स्टेशनवरून आणायचं, डबा, राहायची सोय, हे तुम्ही घ्या, म्हणजे जोडीदार पेशंटजवळ राहू शकतो. आणि फाईल त्याच्या हातात राहू द्या, ज्याच्या हातात फाईल त्याच्याशी डॉक्टर बोलतात.

7. तक्रार करायची वेळ आली तर

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉश कायदा, 2013 चा, फक्त महिलेची तक्रार घेतो. म्हणजे गे मुलाला मॅनेजर घाणेरडे मेसेज पाठवत असेल तर कायद्याने तो कंपनीच्या पॉश समितीकडे जाऊ शकत नाही, कंपनीने स्वतःचं धोरण सगळ्या लिंगांसाठी केलं असेल तरच. तुमच्या कंपनीचं धोरण उघडून हे आत्ताच बघा, प्रसंग आल्यावर नको. ट्रान्स व्यक्तींसाठी 2019 च्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा असतो. नाव विचारा, बऱ्याच ठिकाणी नेमलेलाच नसतो आणि तुम्ही विचारल्यावर नेमतात.

तुम्ही साक्षीदार असाल तर त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द लिहून ठेवा, स्वतःच्या पर्सनल मेलवर, मित्राचं खाजगी काही न लिहिता. तक्रार करायची की नाही हे तो ठरवेल. आणि त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळणाऱ्या माणसाशी बोलायचं असेल, घरचे जबरदस्ती लग्न लावतायत किंवा तो खचलाय, तर क्वीअर लोकांसोबत काम करणारी पुण्यातली संस्था शोधून द्या, बिंदुमाधव खिरे ह्यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला होता तशी. तिथे मराठीत बोलता येतं, घरच्यांना समजावायची वेळ आली तर त्याचा फार उपयोग होतो.

8. दर वर्षी

एचआरमधल्या त्या बाई सोडून गेल्या, ब्रोकर बदलला, आणि नवीन ब्रोकरने कोटेशन मागवताना जुन्याच साच्यातली व्याख्या टाकली, 'पती/पत्नी आणि दोन मुलं'. कोणी मुद्दाम केलं नाही, कोणाच्या लक्षातच आलं नाही. मी ड्राफ्ट मागून घेतला होता म्हणून सही व्हायच्या आधी सापडलं. ज्याचं नाव उडणार होतं त्याला विचारायला जाणं जड गेलं असतं, मला एक मेल टाकावा लागला एवढंच.

म्हणून कॅलेंडरमध्ये दोन रिमाइंडर लावून ठेवा. एक रिन्यूअलच्या तीन महिने आधी, एचआरला "व्याख्या आहे तशीच राहतेय ना" म्हणून विचारायला. दुसरा नवीन पॉलिसी आल्याच्या दिवशी, फॅमिली डेफिनिशनचं पान उघडून 'जोडीदार' शब्द आणि त्यापुढचं 'कोणत्याही लिंगाचा' दोन्ही आहेत का बघायला. नसेल तर त्याच दिवशी लिहा, एनरोलमेंटची खिडकी बंद व्हायच्या आत एंडॉर्समेंटने दुरुस्त करून घेता येतं.